दहा मुद्द्यांचं उत्तर

जुलैचा तिसरा गुरुवार, सकाळी अकरा. स्थळ: परीक्षा विभागाची आतली खोली. उपस्थित: उपप्राचार्य (अध्यक्ष), इतिहास विभागप्रमुख म्हणजे मी, वारणानगरहून आलेले बाह्य परीक्षक, परीक्षा विभागाचे क्लार्क, आणि अर्जदार विद्यार्थिनी. अनुपस्थित: कोणी नाही.

इतिवृत्ताच्या वहीत सुरुवातीला मी एवढंच लिहिलं होतं. व्हरांड्यातल्या बाकावर अर्जदाराची आई बसली होती, ती वहीत नाही. मधे फक्त लोखंडी जाळीचं दार होतं, त्यामुळे आमचं सगळं तिला ऐकू जात होतं आणि तिचं आम्हाला.

आमचं कॉलेज स्वायत्त झालं तेव्हा परीक्षेचे नियम करायचं काम माझ्याकडे आलं. अशी कामं माझ्याकडेच येतात, कारण मी ती वेळेत करते. बावीस नियम केले. तक्रार निवारण समितीची बैठक बंद खोलीत होईल. मोबाईल बाहेरच्या पेटीत राहतील. इतिवृत्तावर सगळ्यांच्या सह्या झाल्याशिवाय समितीतलं कोणी बाहेर जाणार नाही. गुण वाढवायचे तर आदर्श उत्तरातल्या कोणत्या मुद्द्यासाठी वाढवले, त्याचा क्रमांक रकान्यात लिहावा लागेल. आदर्श उत्तरातच चूक निघाली तर त्या प्रश्नाच्या सगळ्या उत्तरपत्रिका पुन्हा तपासल्याशिवाय कोणा एकाचा निकाल बदलणार नाही. आणि फेरतपासणीत कोणाचे गुण कमी होणार नाहीत. हे नियम मीच टाईप केले, मीच लॅमिनेट करून त्या खोलीच्या भिंतीवर लावले. त्या दिवशी ते बरोबर माझ्या डोळ्यांसमोर होते.

प्रकरण साधं दिसत होतं. मुलगी गडहिंग्लजकडची, बी.ए.च्या शेवटच्या सत्राची. मराठ्यांच्या इतिहासाच्या पेपरात ऐंशीपैकी एकोणतीस. उत्तीर्ण व्हायला बत्तीस लागतात. बाकीचे सगळे पेपर सुटलेले. बी.एड.च्या प्रवेशाची शेवटची फेरी शनिवारी होती आणि तिथे पदवीची गुणपत्रिका दाखवावी लागणार होती. तीन गुण मिळाले तर प्रवेश, नाही तर वर्ष गेलं. तिने अर्जात एकाच प्रश्नाबद्दल लिहिलं होतं. दहा गुणांचा प्रश्न: 'पहिले इंग्रज-मराठा युद्ध सालबाईच्या तहाने का संपले?' तिला दहापैकी तीन मिळाले होते.

अर्जातलं तिचं कारण एका ओळीचं होतं. 'प्रश्न युद्ध का संपले असा आहे, का सुरू झाले असा नाही.'

अर्ज माझ्याकडे दोन दिवस आधी आला तेव्हा ही ओळ वाचून मला थोडा राग आला होता, हे कबूल करते. प्रश्न मी काढला होता. आदर्श उत्तर मी लिहिलं होतं. आणि ते आदर्श उत्तर म्हणजे अठरा वर्षं मी वर्गात देत आलेली दहा मुद्द्यांची नोट होती. मुलं तिला 'दहाची नोट' म्हणायची. एक मुद्दा, एक गुण. कोणी नापास होऊ नये म्हणून केलेली सोय होती ती.

"बसा मॅडम, पाच मिनिटांत संपवू," उपप्राचार्य म्हणाले. ते पदार्थविज्ञानाचे. इतिहास म्हणजे पाठांतर, असं त्यांचं प्रामाणिक मत आहे आणि ते लपवतही नाहीत. "तुमचा तक्ता काढा, तिचं उत्तर काढा, टिक मोजा."

बाह्य परीक्षक माझ्या शेजारी बसले होते. बाह्य म्हणायचं इतकंच, ते माझेच विद्यार्थी. पंधरा वर्षांपूर्वी पहिल्या बाकावर बसून ही नोट त्यांनी उतरवून घेतली होती. आता वारणानगरला तीच शिकवतात.

"मी नियमानुसारच तपासलंय मॅडम," त्यांनी खालच्या आवाजात सांगितलं. "तीन मुद्दे जुळले. पाचवा, सातवा, आठवा. वडगावचा तह, म्हैसूरचं युद्ध, मध्यस्थी. बाकी जुळत नाही."

"ग्वाल्हेरचं तर तिने लिहिलंय," मी म्हटलं. तिच्या उत्तराची झेरॉक्स माझ्यापुढे होती.

"'उत्तरेत सरदारांच्या मुलखात इंग्रज फौज शिरली' असं लिहिलंय. किल्ल्याचं नाव नाही. तुमच्या नोटीत किल्ला आहे."

त्यांचं बरोबर होतं. माझ्या नोटीत किल्ला होता.

मुलगी टेबलाच्या टोकाला उभी होती. बस म्हटल्यावर खुर्चीच्या कडेवर बसली. खिडक्यांच्या काचांना आतून तपकिरी कागद लावलेला, बाहेर पावसाचा अंधार, वर एक पंखा. नियमाप्रमाणे दाराला आतून कडी.

मी आदर्श उत्तर काढून समोर ठेवलं. इथे ते तसंच्या तसं देते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

एक, पेशवेपदासाठी भाऊबंदकी झाली आणि पेशव्यांच्या काकांनी इंग्रजांची मदत मागितली. दोन, मुंबईकर इंग्रजांना साष्टी आणि वसई हवी होती. तीन, सुरतेचा तह. चार, पुरंदरचा तह. पाच, वडगावचा तह. सहा, इंग्रजांनी ग्वाल्हेरचा किल्ला घेतला. सात, इंग्रजांचे म्हैसूरशी युद्ध सुरू झाले. आठ, उत्तरेतल्या मातब्बर मराठा सरदारांनी मध्यस्थी केली. नऊ, साष्टी इंग्रजांकडे राहिली आणि पुरंदरनंतर जिंकलेला बाकीचा मुलूख मराठ्यांना परत मिळाला. दहा, त्यानंतर सुमारे वीस वर्षे इंग्रज आणि मराठे यांच्यात शांतता राहिली.

यात एकही विधान खोटं नाही. अठरा वर्षांत कोणी त्यात चूक काढली नव्हती.

"सुरतेचा तह का लिहिला नाहीस?" मी मुलीला विचारलं. आवाज नेहमीपेक्षा कडक झाला असावा, कारण क्लार्कनी मान वर केली.

"मॅडम, तो सुरुवातीला झाला न्हवं? त्यातनंच युद्ध पेटलं," ती म्हणाली. मग भानावर येऊन पुस्तकी भाषेत, "म्हणजे तो युद्ध सुरू होण्याच्या कारणात येतो. तुम्ही संपलं का ते विचारलंय."

"आणि साष्टी?"

"ते तहात काय ठरलं त्यात. ठरलं काय ते वेगळं आणि तह करायची वेळ का आली ते वेगळं."

उपप्राचार्य माझ्याकडे बघायला लागले. त्यांना इतिहास येत नसला तरी मुलीने सरळ उत्तर दिलंय हे कळलं होतं. बाकावरून आवाज आला, "अगं, मॅडमास्नी उलटं बोलू नगं!"

"उलटं नाही बोलले, अव्वा," मुलगी दाराकडे, आईकडे वळून म्हणाली.

मी तिचं उत्तर पुन्हा वाचायला घेतलं. एका पानाचं होतं, आणि आमच्या मुलांच्या मानाने आखूड. पहिल्यांदा तपासताना ते आखूड वाटतंच, कारण बाकीचे साडेतीन पानं लिहितात. तिने लिहिलं होतं, की वडगावला इंग्रजांनी हार मानून तह केला तरी युद्ध संपलं नाही, कारण तो मुंबईकरांनी केला होता आणि कलकत्त्याच्या गव्हर्नर जनरलनी तो मानला नाही. म्हणजे जोवर कलकत्त्याला तह नको होता तोवर युद्ध संपणार नव्हतं. मग कलकत्त्याला तो का हवासा झाला? कारण म्हैसूरच्या राज्यकर्त्याने दक्षिणेत इंग्रजांवर स्वारी केली आणि त्यांना एकाच वेळी दोन्हीकडे लढणं परवडेना. मराठ्यांना का हवासा झाला? उत्तरेत सरदारांच्या मुलखात इंग्रज फौज शिरली, त्यामुळे त्यांना आपला मुलूख वाचवायचा होता, आणि तह आपल्या हातून झाला तर पुण्यातही आपलं वजन वाढेल असं त्यांना वाटलं. म्हणून मध्यस्थी. शिवाय ज्या काकांसाठी भांडण सुरू झालं त्यांची बाजू घेऊन इंग्रजांच्या हाती काही लागलं नव्हतं. त्यामुळे त्यांना सोडून देणं इंग्रजांना जड गेलं नाही.

शेवटची ओळ अशी होती: 'म्हैसूरशी युद्ध चालू असल्यामुळे तह झाला. तह झाल्यामुळे इंग्रजांना म्हैसूरकडे लक्ष देता आले. या दोन गोष्टी एक नाहीत.'

ही ओळ मी तीनदा वाचली. माझ्या वर्गात मी या दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगते.

"मॅडम, काय करायचं?" उपप्राचार्यांनी घड्याळ बघितलं. "मुलीला समज आहे. तीन गुण वाढवा. मांडणी चांगली म्हणून. विषय संपला."

मला ते पटलं. पेन उचललं. फॉर्मवर तिचा आसन क्रमांक लिहिला, प्रश्न क्रमांक लिहिला, 'आधीचे गुण ३' लिहिलं, 'सुधारित गुण ६' लिहिलं. पुढचा रकाना: 'आदर्श उत्तरातील मुद्दा क्रमांक'. तिथे पेन थांबलं. क्लार्क समोरून म्हणाले, "मॅडम, नंबर लागंल त्यात. मोकळा सोडला तर कॉम्प्युटर घ्यायचा न्हाय. तुमीच करून घेतलायसा तसं."

मीच करून घेतलं होतं. कोणी ओळखीपाळखीवर गुण वाढवू नयेत म्हणून.

"सहावा टाका," उपप्राचार्य म्हणाले.

"किल्ला नाही लिहिलेला, सर," परीक्षक म्हणाले.

"पहिला टाका मग. काकांचं आहे ना त्यात."

"काकांनी मदत मागितली असं ती म्हणतच नाही, सर. काका निरुपयोगी ठरले असं म्हणतेय."

"अहो, तुम्ही कुणाच्या बाजूचे?"

"उद्या दुसऱ्या कोणी माहितीच्या अधिकारात मागितलं तर खाली सही माझी आहे," परीक्षक म्हणाले. आवाज बारीक होता पण ते हटले नाहीत. माझाच विद्यार्थी.

मी दहाच्या दहा मुद्द्यांवरून बोट फिरवलं. तिच्या उत्तरातल्या ज्या वाक्यांना खरोखर गुण द्यायला हवेत, त्यातल्या एकालाही माझ्या यादीत जागा नव्हती. कलकत्त्याने वडगाव नाकारलं, याला क्रमांक नाही. तह कुणाला का हवासा झाला, याला क्रमांक नाही. उलट ज्या वाक्यांना क्रमांक होता, ती विचारलेल्या प्रश्नाची उत्तरं नव्हती. बाहेर पडायला तीन वाटा होत्या. खोटा क्रमांक लिहायचा. मुलीला नापास ठेवायचं. किंवा आदर्श उत्तर चुकलंय असं त्या वहीत माझ्या अक्षरात लिहायचं, आणि मग शनिवारच्या आत अठ्ठावन्न उत्तरपत्रिका पुन्हा.

मी पाणी मागितलं. तांब्या बाहेर होता. सह्या झाल्याशिवाय बाहेर जाता येत नव्हतं. क्लार्कनी जाळीतून हात घालून घेतला.

"मॅडम," उपप्राचार्य जरा जवळ सरकले, "तुम्ही घोळ वाढवू नका. निकाल लागलाय. यादी बोर्डावर आहे. अठरा वर्षांची नोट तुमची. आज चूक म्हणालात तर आधीची सगळी बॅच उद्या दारात उभी राहील."

"आधीच्या बॅचला हा प्रश्न 'युद्धाची माहिती लिहा' असा असायचा, सर," मी म्हटलं. हे खरं होतं, आणि म्हणतानाच मला कळलं की चूक नेमकी कुठे झाली. नोट माहिती लिहायला केलेली होती. या वर्षी प्रश्न जरा विचार करायला लावणारा असावा अशी सूचना आली, म्हणून मी 'माहिती लिहा' खोडून 'का संपले' केलं. प्रश्न बदलला आणि उत्तर तेच ठेवलं. फाईल तयार होती ना.

"फरक काय पडतो?" उपप्राचार्य खरोखरच विचारत होते. "युद्धच झालं नसतं तर तह झाला असता का? मग युद्धाची कारणं ती तहाची कारणं."

मी उत्तर जुळवत होते, तेवढ्यात बाकावरून आई बोलली. आतल्या गोष्टीत बोलू नये हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

"सायेब, आमच्या गल्लीत दोन घरांचं भांडान नळावरनं पेटलं. दोन वर्सं बोलत नव्हती. मिटलं ते कशानं? दोनी घरातनं लगीन निघालं एकाच महिन्यात, मांडवाला जागा एकच. म्हणून मिटलं. आता नळावर बारी लावून, पाळीपाळीनं पाणी भरत्यात. भांडान कशानं मिटलं म्हणून इचारलं तर नळानं मिटलं म्हणून सांगू व्हय?"

क्लार्क हसले. उपप्राचार्यही हसले.

"आणि बारी लावून भरतात म्हणून मिटलं, असंही नाही," परीक्षक हळूच म्हणाले. "ते मिटल्यावरचं." बोलून ते माझ्याकडे नाही, आपल्या नखांकडे बघत बसले. त्यांच्याही वर्गात तेच चालत होतं.

मी आदर्श उत्तराची प्रत उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूला उभ्या रेघा मारल्या. युद्ध सुरू होण्याची कारणं. युद्धातल्या घटना. तहात काय ठरलं. नंतर काय झालं. आणि शेवटी पाचवा रकाना: तह करायची गरज कुणाला, का वाटली. मग दहा मुद्दे त्यात टाकत गेले. एक, दोन, तीन पहिल्या रकान्यात. चार, पाच, सहा दुसऱ्या. नऊ तिसऱ्या. दहा चौथ्या. पाचव्या रकान्यात सात आणि आठ. दोन. दहापैकी दोन मुद्दे माझ्या प्रश्नाचं उत्तर देत होते. आणि त्यातला आठवाही अर्धाच, कारण सरदारांनी मध्यस्थी का केली ते मी लिहिलंच नव्हतं.

"वडगाव दुसऱ्यात की पाचव्यात?" परीक्षकांनी विचारलं. आता आम्ही दोघं कामाला लागलो होतो.

"नुसतं 'वडगावचा तह झाला' म्हटलं तर दुसऱ्यात. 'तो कलकत्त्याने मानला नाही, म्हणून पुढचा तह कलकत्त्याच्याच संमतीने व्हावा लागला' म्हटलं तर पाचव्यात. घटना तीच. त्या घटनेने काय बदललं ते सांगितलं की ती कारणात येते."

"मग ग्वाल्हेरचंही तसंच."

"तसंच. किल्ल्याचं नाव असो नसो."

"आणि म्हैसूर दोन्हीकडे. आधीचं पाचव्यात, नंतरचं चौथ्यात."

"ते तिने लिहिलंय," मी म्हटलं.

"अजून एक आहे मॅडम," मुलगी म्हणाली. ती तिथे आहे हे आम्ही विसरलो होतो. "तह मे महिन्यात झाला, पण पुण्याने लगेच मान्यता दिली नाही. म्हैसूरचा राज्यकर्ता वारला, त्यानंतर दिली. म्हणजे पुणेसुद्धा म्हैसूरकडंच बघत होतं. हे मला माहीत होतं, पण वेळ संपली."

"वेळ कशी संपली? पानभर तर लिहिलंयस."

"दहाची नोट आठवत बसले होते मॅडम, पहिली वीस मिनिटं. पाठ केली होती. लिहायला घेतली आणि बसेना प्रश्नात. खोडली."

झेरॉक्सवर पानाच्या डोक्याला खोडलेल्या सहा ओळी होत्या. मी त्या पहिल्यांदाच नीट पाहिल्या. 'पेशवेपदासाठी भाऊबंदकी झाली आणि' इथून सुरुवात. माझं वाक्य. त्यावर दोन आडव्या रेघा.

मी फॉर्मवरचं 'सुधारित गुण ६' खोडलं, बाजूला सही केली आणि इतिवृत्ताची वही ओढली. लिहिलं: 'आदर्श उत्तर प्रश्नाशी सुसंगत नाही असे आढळले. आदर्श उत्तर विभागप्रमुखांनी तयार केले होते. नवीन आदर्श उत्तर आजच तयार करून या प्रश्नाच्या सर्व उत्तरपत्रिका शुक्रवारी सायंकाळपर्यंत फेरतपासाव्यात.' वही फिरवून सगळ्यांसमोर धरली. उपप्राचार्यांनी ती बराच वेळ वाचली.

"विभागप्रमुखांनी, हे लिहायलाच पाहिजे का?"

"नाही तर परीक्षकांवर जाईल सर."

त्यांनी सही केली. परीक्षकांनी वारणानगरला फोन करायचाय म्हणून पेटीतून मोबाईल मिळेपर्यंत वाट पाहिली आणि एस.टी.चं परतीचं गणित बदललं. मुलीने सही केली. तिला शनिवारी सकाळी ये म्हटलं, तेव्हा आई जाळीशी आली. "पास हाय की न्हाय, तेवढं सांगा की."

"आत्ता सांगता येत नाही. सगळ्यांचे झाल्याशिवाय नाही. नियम आहे."

"कुणी केलाय ह्यो नेम?"

क्लार्कनी माझ्याकडे बघितलं. "मी," मी म्हटलं.

दुपारी नवीन आदर्श उत्तर केलं. क्रमांक न घालता एक परिच्छेद, आणि खाली तपासणाऱ्यासाठी सूचना: विधान खरे आहे का, एवढे पाहू नये, ते 'तह का' याचे उत्तर देते का, हे पाहावे. शुक्रवारचा पूर्ण दिवस आम्ही दोघं त्या खोलीत होतो, तपकिरी कागदाच्या उजेडात. अठ्ठावन्न वेळा 'भाऊबंदकी झाली आणि'. काही जणांनी माझ्या नोटीत नसलेला एक शब्द आपल्या मनाने जोडला होता: 'वीस वर्षे शांतता राहिली, म्हणून तह झाला.' आधी वाचताना तो मला कधी दिसलाच नव्हता. मुद्दा दहा, टिक, पुढचं पान. प्रश्न 'का'चा होता हे त्या मुलांना कळलं होतं. त्यांनी आपल्या परीने 'का'ला 'म्हणून' जोडून दिला. चूक माझी आणि प्रयत्न त्यांचा.

नव्या सूचनेप्रमाणे त्यांना दोन, फार तर तीन मिळाले असते. पण गुण कमी करायचे नाहीत. त्यामुळे आठ गुणवाले आठवरच राहिले. मी प्रत्येकाच्या पुढे 'बदल नाही' लिहीत गेले. परीक्षक एकदा म्हणाले, "मॅडम, हे चुकीचं उत्तर बरोबर म्हणून कायमचं गुणपत्रिकेत बसलं." मी म्हटलं, "हो. पुढचं घ्या."

मुलीला सात दिले. सात का, हे आम्ही वाक्यावाक्याला लिहिलं, आणि क्रमांकाच्या रकान्यात नव्या परिच्छेदातल्या वाक्यांचे क्रमांक घातले. तीन कापले, कारण पुण्याचं तिने लिहिलं नव्हतं आणि इंग्रजांच्या अडचणींत फक्त म्हैसूरच सांगितलं, पैशाची ओढाताण सांगितली नाही. मनात होतं की खोडलेल्या सहा ओळींपायी गेलेला वेळ कुठेतरी भरून द्यावा. त्याला रकाना नव्हता. एकोणतीसचे तेहेतीस झाले.

शनिवारी सकाळी क्लार्कनी गुणपत्रिका छापली. मुलगी आणि तिची आई पहिल्या गाडीने आल्या होत्या. आईने कागद हातात घेऊन बोट ठेवलं, "ह्यो आकडा का?" मुलगी म्हणाली, "व्हय." मग दोघी प्रवेशाच्या ठिकाणी जायला घाईने निघाल्या. मुलगी फाटकापर्यंत जाऊन परत आली. मला वाटलं आभार मानायला.

"मॅडम, दहाची नोट बंद करणार का? माझी धाकटी बहीण पुढच्या वर्षी येणार आहे."

"करणार," मी म्हटलं. सोमवारच्या कामांच्या यादीत लिहून टाकलं.

तिला त्या फेरीत प्रवेश मिळाला. आता ती दुसऱ्या वर्षाला आहे, सराव पाठ घेते असं कळलं.

सोमवारच्या यादीत सहा कामं होती. पाच झाली. सहावं: 'दहाची नोट, झेरॉक्सवाला'. नोटीच्या प्रती विकणाऱ्या शाहूपुरीतल्या दुकानात मी गेलेच नाही असं नाही. गेले. काउंटरवर गठ्ठाच होता, स्टेपल केलेला, वर माझ्या विषयाचं नाव. मी म्हटलं, ही विकू नका, यात चूक आहे. दुकानदार म्हणाले, "मॅडम, लई चालती ओ ही. वारणानगर, गडहिंग्लजपतोर जाती. बंद करतो की, पण हिच्या जागी दुसरी द्या. पोरं मोकळ्या हातानं जायची न्हाईत."

दुसरी द्यायला मी त्याच संध्याकाळी बसले. कागदाला पाच रकाने आखले. पहिले चार अर्ध्या तासात भरले, आधीची माहिती होतीच. पाचव्या रकान्याशी अडकले. तिथे काहीही क्रमांक घालून लिहिलं की पुढच्या वर्षीची मुलं ते तसंच्या तसं उतरवतील, आणि प्रश्न कुठला आहे ते बघणार नाहीत. क्रमांक न घालता लिहिलं तर मला स्वतःलाच ते पूर्ण झाल्यासारखं वाटत नाही. दोनदा लिहून फाडलं. मुलीचं उत्तरच छापून द्यावं असंही मनात आलं. पण मग तेही पाठ होईल, खोडलेल्या सहा ओळींशिवाय.

धाकटी बहीण जूनमध्ये आली. पहिल्या बाकावर बसते. परवा तिच्या वहीत स्टेपल केलेली दोन पानं दिसली, वर माझ्या विषयाचं नाव. मी फळ्याकडे वळले. यादी रोज नवीन कागदावर उतरवते, झालेली कामं गाळते. सहावं काम रोज खाली उतरवावं लागतं. आजही उतरवलं.